खालून सुरू होणारी रेघ

बाबांनी ब्यूटेन शिकवायला कधी पुस्तक उघडलं नाही. कारखान्याच्या भंगारात इन्सुलेशनचा जाड पुठ्ठा पडलेला असे, त्याचा एक गोल तुकडा त्यांनी घरी आणला होता. त्याच्या कडेला, सारख्या अंतरावर, खराट्याचे तीन हीर चिकटवले. आणखी तीन हीर एका टोकाला बांधून त्यांची तीन पात्यांची चक्री केली आणि ती मधोमध खिळा ठोकून पुठ्ठ्याच्या पुढे बसवली. पुढच्या एका हिराला आणि मागच्या एका हिराला सोडा वॉटरच्या बाटलीचं एकेक पत्र्याचं झाकण. झालं ब्यूटेन. आई म्हणाली, "खराटा तेवढा माझा नवीन होता."

आम्ही नागपूरचे. बाबा नोकरीसाठी भोपाळच्या त्या मोठ्या सरकारी कारखान्यात आले आणि तिथल्या प्रयोगशाळेत ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासायला लागले. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे पत्र्याचं फाटक, मागे आईची तुळस आणि अवधपुरीच्या बाजूचा मोकळा माळ. सकाळी भोंगा वाजला की सगळ्या कॉलनीतले साहेब, बाबू, फिटर एकदमच सायकली काढायचे. बाबा बी.एस्सी. होते आणि त्यांना शिक्षक व्हायचं होतं. झाले केमिस्ट. मग उरलेली सगळी हौस त्यांनी माझ्या ताईवर भागवली.

ताई माझ्याहून बरीच मोठी. ती कॉलेजात गेली तेव्हा मी दोन वेण्या घालून तिच्या मागे मागे फिरायचे, त्यामुळे ब्यूटेन मला फुकटात मिळालं. बाबा पुठ्ठा डोळ्यांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "मधल्या दोन कार्बनांच्या बंधाकडे असं नाकासमोर बघायचं. पुढचा कार्बन म्हणजे ह्या तीन काड्या मिळतात ती जागा. मागचा कार्बन म्हणजे हा गोल. पुढच्याच्या काड्या मध्यापासून निघतात, मागच्याच्या कडेपासून. बास, हेच न्यूमन प्रोजेक्शन. उगाच घाबरवतात पोरांना."

झाकणं म्हणजे मिथाइल गट, नुसते हीर म्हणजे हायड्रोजन. बाबा नेहमी सुरुवात एकाच स्थितीतून करायचे. एक झाकण वर, दुसरं खाली, एकमेकांपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. ही अँटी स्थिती, ब्यूटेनची सगळ्यात आरामाची. मग पुढची चक्री हळूहळू फिरवायची. साठ अंश फिरली की पुढचा प्रत्येक हीर मागच्या हिराला झाकतो. बंध बंधाच्या समोर आले की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. हा पिळाचा ताण. आणखी साठ फिरवलं की हीर पुन्हा एकमेकांच्या फटीत येतात, पिळाचा ताण जातो, पण आता दोन्ही झाकणं शेजारी आलेली असतात आणि त्यांना जागा पुरत नाही. हा गर्दीचा ताण. ही गॉश स्थिती. आणखी साठ, आणि झाकण थेट झाकणासमोर. तिथे पिळाचा ताणही आणि गर्दीचाही. बाबांची झाकणं तिथे खरंच एकमेकांवर घासायची, अंगठ्याने जोर लावून ढकलावी लागायची.

"कळलं ना किती जोर लागला? ग्राफ म्हणजे ह्या अंगठ्याचा हिशोब."

मग ते पाटीवर ग्राफ काढायचे. आडव्या रेघेवर किती फिरवलं, उभ्या रेघेवर ऊर्जा किती. रेघ अगदी तळापासून निघायची, मध्यम उंचीचा डोंगर चढायची, उतरायची पण तळाला न जाता थोडी वरच थांबायची, कारण गॉशमध्ये गर्दी उरलेली. मग मधला सगळ्यात उंच डोंगर. मग पुन्हा तसंच उलट, आणि शेवटी परत तळाला. मधोमध उंच, दोन्हीकडे बुटके. आईला रसायनशास्त्राचं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती रेघ तिने इतक्यांदा पाहिली होती की पोळ्या लाटता लाटता मान वळवून म्हणायची, "आले का ह्यांचे डोंगर!"

तळापासूनच का सुरुवात, असं ताईने एकदा विचारलं होतं. बाबांचं उत्तर त्यांच्या प्रयोगशाळेतलं होतं. "आमच्याकडे कोणतंही मीटर वापरायच्या आधी काटा शून्यावर आणतात. रेणू आरामात बसला आहे, तिथे शून्य धरायचं. अंशही शून्य, ऊर्जाही शून्य. मग फिरवायला लागायचं." मला ते इतकं पटलं होतं की दुसरीकडून कुणी सुरुवात करत असेल असं मनातही आलं नाही. ताईच्याही नाही. बाबांच्या नागपूरच्या जुन्या पुस्तकात तसंच होतं, आणि घरात तेच एक पुस्तक होतं.

ताईचं एम.एस्सी. झालं, बी.एड. झालं, आणि त्याच उन्हाळ्यात बाबा गेले. पहिल्या पाळीला गेले ते छातीत कळ येऊन कारखान्याच्या दवाखान्यातच. मी अकरावीत जाणार होते. तेरावं झालं, नागपूरचे लोक परत गेले, कूलरमधली वाळ्याची ताटी वाळून गेली तरी कुणी पाणी घातलं नाही. आणि मग इस्टेट ऑफिसचा माणूस आला. बिचारा बाबांना ओळखत होता, खुर्चीच्या कडेवर बसला, चहाही घेतला नाही. क्वार्टर बाबांच्या नावावर. ठरलेल्या मुदतीनंतर रिकामं करावं लागेल. घरातलं कोणी नोकरीला लागलं तर वेगळी गोष्ट.

आई म्हणाली, "कुठं जाऊ भाऊ आम्ही? नागपूरले तर सासऱ्याचं घरही राहिलं नाही."

त्याने फाईल मिटली. त्याच्या हातात काही नव्हतं, हे आईलाही कळत होतं.

टाउनशिपच्या शाळेत रसायनशास्त्राची एक जागा रिकामी होती. ताईने अर्ज केला. जागा मिळाली तर नोकरी तिची आणि क्वार्टरही तिच्या नावावर होणार. नाही मिळाली तर आम्ही तिघी ट्रंका घेऊन कुठल्या दारात उभ्या राहणार होतो, देव जाणे. आई सकाळ-संध्याकाळ तेवढंच मागत होती. तुळशीला पाणी घालतानाही ती तुळशीशी नाही, क्वार्टरच्या मागच्या भिंतीशी बोलत होती असं मला वाटायचं.

निवड व्हायची ती एका धड्यावर. उमेदवाराने खऱ्या वर्गात उभं राहून शिकवायचं, मागच्या बाकावर तीन परीक्षक बसणार. प्राचार्य, कारखान्याचे एक अधिकारी, आणि शहरातल्या कॉलेजचे एक मोठे प्राध्यापक, विषयाचे तज्ज्ञ म्हणून. धड्याचा विषय आदल्या दिवशी कळवला: ब्यूटेनची रूपं, न्यूमन प्रोजेक्शन, ऊर्जेचा आलेख. आई हात जोडून म्हणाली, "ह्यांनीच पाठवला हा विषय." ताई खूप दिवसांनी हसली. पुठ्ठा माळ्यावरून काढून तिने फडक्याने पुसला.

आणि ज्या वर्गावर धडा होणार होता तो माझाच वर्ग होता. टाउनशिपमध्ये हे असंच चालायचं, प्रत्येक वर्गात कुणाचं ना कुणाचं कुणीतरी बसलेलंच असे. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "बेटा, तुम पीछे बैठोगी और कुछ बोलोगी नहीं। दीदी का नुकसान हो जाएगा।" मी मान हलवली.

ताई वर्गात आली ती आईची निळी साडी नेसून. आधी तिने फळा पुसला. मग तिने पुठ्ठा हातात धरला आणि एकदम बाबांसारखी बोलायला लागली, फक्त हिंदीत. आमचा वर्ग बेरकी होता, नव्या शिक्षकाचा निकाल पाच मिनिटांत लावायचा. पण झाकणं एकमेकांवर घासली आणि तिने अंगठा दाबून दाखवला तेव्हा पुढच्या बाकांवरची मुलं उठून बघायला लागली. तिने एकाला बोलावून चक्री फिरवायला दिली. "कहाँ ज़ोर लगा?" तो म्हणाला, "यहाँ, मैडम।" "और यहाँ?" "थोड़ा कम।" मागे ते अधिकारी मान डोलावत होते. मला वाटलं, जमलं.

मग तिने फळ्यावर ग्राफ काढला. तळापासून. खाली लिहिलं: घूर्णन कोण, म्हणजे किती फिरवलं तो कोन. शून्य, साठ, एकशेवीस, एकशेऐंशी. मध्यम डोंगर, उथळ दरी, उंच डोंगर. कुठे पिळाचा ताण, कुठे गर्दीचा, कुठे दोन्ही, ते रंगीत खडूने दाखवलं. रेघ इतकी स्वच्छ आली होती की मला बाबा पाटी घेऊन बसायचे तो घरचा स्वयंपाकघराचा उंबरा आठवला.

"साठ पर क्या है?" मागून तज्ज्ञांचा आवाज आला.

"सर, एक्लिप्स्ड। मिथाइल के सामने हाइड्रोजन।"

"साठ पर गॉश होता है।"

ताईने वळून आपला ग्राफ पाहिला. मग शांतपणे म्हणाली, "सर, मैंने शून्य एंटी पर रखा है। वहाँ से साठ घुमाएँ तो एक्लिप्स्ड आता है। अगर मिथाइल के सामने मिथाइल को शून्य मानें, तो साठ पर गॉश आएगा। कर्व वही रहता है, सर।"

याहून बरोबर उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही. पुढे कॉलेजात मला कळलं की बहुतेक पुस्तकं दोन मिथाइल गटांमधला कोन मोजतात, म्हणून त्यांचं शून्य समोरासमोर येतं आणि त्यांची रेघ सगळ्यात उंच शिखरावरून सुरू होते. बाबांचं पुस्तक आरामाच्या स्थितीपासून किती फिरवलं ते मोजत होतं. काय मोजतो ते आडव्या रेघेखाली लिहिलं की दोन्ही बरोबर. ताईने लिहिलं होतं. शिवाय न लिहिताही कळतंच. ग्राफ वाचायचा म्हणजे आकडे वाचायचे नसतात, उंची बघायची असते. सगळ्यात उंच शिखर दिसलं की तिथे झाकणासमोर झाकण. सगळ्यात खोल दरी दिसली की तिथे अँटी. एखाद्या शेंबड्या पोरालाही ते दिसलं असतं. तज्ज्ञांना दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं. मागे हटायचं नव्हतं.

"बच्चों को इम्तिहान में आपका शून्य नहीं मिलेगा," ते म्हणाले. वर्गातली दोन मुलं हसली. "बच्चो, साठ पर क्या?"

वर्गाने कोचिंगवाल्यांकडून घोकलेलं होतं. "गॉश!" एका सुरात.

"तो बोर्ड पर जो है, वह ग़लत है। मानती हैं आप?"

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. अधिकारी आता मान डोलावत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. ताई हातात खडू घेऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी मनात ओरडत होते, नको म्हणू, नको म्हणू. मला त्या क्षणी क्वार्टर आठवलं नाही, आई आठवली नाही, फक्त बाबांचा अंगठा आठवला. ताईला सगळं आठवलं असणार. मोठी होती ती.

"जी सर। ग़लती हो गई।"

तिने डस्टर घेतलं. नुसते आकडे पुसले असते तरी चाललं असतं, पण तिने सगळी रेघच पुसली. मग शिखरावरून सुरू होणारी रेघ काढली, उतरली, मध्यम डोंगर, खोल दरी, आणि शेवटी पुन्हा शिखर. ती रेघ पहिलीइतकी चांगली आली नाही. मग मुलांकडे वळून म्हणाली, "पहले वाला काट दीजिए। वह ग़लत था।" आणि सगळ्या वर्गाने पानावर काट मारली. तज्ज्ञ खूश झाले. म्हणाले, "सीखने की इच्छा है। अच्छा है।"

मी घरी पोचले तेव्हा ताई आधीच आलेली होती, मोरीत पाय धूत होती. आई दारातच उभी. "कसं झालं? काहून बोलून नाही राहिली तू?"

"झालं नीट."

"बाबानं शिकवलं तसंच शिकवलंस ना?"

ताईने पाय पुसले, फडकं दोरीवर टाकलं. "हो आई. अगदी तसंच."

मी तोंड उघडलं आणि ताईने माझ्याकडे जे पाहिलं त्याने ते तसंच मिटलं.

जागा तिला मिळाली. आईने सगळ्या लाइनीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात तेच सांगितलं. ह्यांनी शिकवलेलं कामी आलं. जाता जाता घराची सोय करून गेले. शेजारच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. इस्टेट ऑफिसचा तो माणूस आला, ह्या खेपेला खुर्चीत टेकून बसला आणि चहा प्यायला. त्यालाही आईने डोंगर सांगितले, हाताने हवेत काढून. तळापासून.

मी रागाने जळत होते. ताईशी आठवडाभर धड बोलले नाही. शेवटी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तिला गाठलं आणि विचारलं, "बाबा चुकीचे होते का?"

"नव्हते."

"मग तू का म्हणालीस?"

तिने हातातली चादर झटकली. "बाबा गेले गं. क्वार्टर आहे."

मी रिकामी बादली उचलून आत गेले. मी त्याच क्वार्टरमध्ये राहून बारावी केली, कॉलेज केलं, तिथूनच लग्न होऊन जवळच्याच मंडीदीपला गेले. भात तिच्या पगाराचा, आणि तिरस्कारही तिचाच. असं करता येतं माणसाला, मी केलेलं आहे.

ताईने लग्न केलं नाही. शिकवत राहिली. चांगली शिक्षिका होती असं सगळे म्हणत. पुठ्ठा पुन्हा माळ्यावर गेला तो गेलाच, वर्गात ती नुसता खडू वापरायची. आई म्हातारी झाली आणि शेवटपर्यंत त्याच घरात, त्याच तुळशीसमोर राहिली. भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाला ती डोंगरांची गोष्ट सांगायची. ताई तेव्हा नेमकी उठून आत पाणी आणायला जायची.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. ताई सगळ्या इयत्तांचे पेपर घरी आणून तपासायची, पलंगावर पसारा करून. पण ह्या धड्याच्या चाचणीचे पेपर घरी कधी दिसले नाहीत. ते ती शाळेतच संपवून यायची, उशीर झाला तरी.

आई गेली त्या वर्षी थंडीत मी काही दिवस ताईकडे राहायला गेले होते. क्वार्टर तेच, फाटकाचा रंग तेवढा वेगळा. ताई उन्हात खुर्ची टाकून पेपर तपासत होती. मी मटार सोलता सोलता सहज मान वाकवली. न्यूमन प्रोजेक्शन होतं, आणि त्याखाली ग्राफ. रेघ तळापासून निघाली होती. मध्यम डोंगर, उथळ दरी, मधोमध उंच शिखर. कुठल्या तरी मुलीने निळ्या शाईने काढली होती, शिखरावर नीट लिहिलं होतं, इथे दोन्ही ताण. आडव्या रेघेखाली लिहिलं होतं, एंटी से घूर्णन। घरी कोणी तरी शिकवलं असणार.

ताईने लाल पेनाने त्यावर काट मारली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"ताई, हे बरोबर आहे."

"माहीत आहे."

"मग कापलंस का?"

"बोर्डात कापतील. तिथे तिला विचारायला कोणी बसलेलं नसतं, शून्य कुठे धरलंस म्हणून. इथे कापलं तर नुसती रडेल." तिने काट मारलेल्या रेघेशेजारी लाल शाईने दुसरी काढून दिली, शिखरावरून सुरू होणारी. वर्षानुवर्षं काढून काढून ती रेघ फार सुंदर झाली होती, आणि मला ती पाहवेना.

मला पूर्वीचा तो राग यायला हवा होता. आला नाही. त्या काटेकडे बघून मला फक्त रडू येत होतं, कुणासाठी ते सांगता येत नाही.

"ती मुलगी उद्या तुझ्याकडे येऊन म्हणाली, माझं बरोबर आहे म्हणून, तर?"

ताईने पेनाचं टोपण लावलं. पलीकडे भोंगा झाला आणि कुंपणावरचे पोपट उडाले.

"तर म्हणेन, बरोबर आहे, पण काट राहू दे." मग तिने तो पेपर गठ्ठ्याखाली सरकवला आणि आईची खुर्ची असायची त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "आई होती तोवर हे पेपर घरी आणले नाहीत मी. तिला वाचता नसतं आलं काही. पण ती रेघ तिने ओळखली असती."

तिने पुढचा पेपर घेतला.